‘अर्ज मिळाला’ म्हणजे नेमके काय?

भोसरीतला बारा-पंधरा माणसांचा एक कारखाना घ्या. अकाउंटंट हवा म्हणून जाहिरात दिली आणि जीमेलवर १२० अर्ज आले. एचआर नावाचे खाते तिथे नसते. अर्ज मालकच वाचणार, तेही संध्याकाळी मशीन बंद झाल्यावर. उमेदवार मात्र दुसऱ्या दिवसापासून फोन करू लागतात: ‘सर, अर्ज पोहोचला का?’

यावर सोपा उपाय म्हणजे आपोआप जाणारी पोच. जीमेलमधल्या Vacation responder ने ती पाठवता येते, पण मग ग्राहकाच्या चौकशीलाही ‘तुमचा अर्ज मिळाला’ असे उत्तर जाते. त्यापेक्षा अर्जांसाठी वेगळा पत्ता काढलेला बरा. ती सोय एकाच माणसाला चार दिवसांत एकदाच उत्तर देते आणि स्पॅममध्ये पडलेल्या अर्जाला देतच नाही. म्हणून स्पॅमचे कप्पे मालकाने रोज उघडून पाहायलाच हवेत.

खरी अडचण मजकुराची. ‘लवकरच कळवू’ याला काही अर्थ नाही. तारीख हिशेबाने काढावी लागते. एका अर्जाला चार मिनिटे धरली तर १२० अर्जांना आठ तास. रोज एक तास मिळाला तर कामाचे आठ दिवस. अर्जांची मुदत १० जूनला संपत असेल, तर वाचनच २० तारखेच्या आसपास संपेल, आणि नेमकी तेव्हाच जीएसटी रिटर्न भरण्याची घाई असते. पुढे निवडक दहा जणांना फोन करायचे, त्यांतल्या चार-पाच जणांच्या मुलाखती घ्यायच्या. म्हणजे ३० जूनच्या आधी निर्णय होत नाही. मग तसेच लिहावे:

‘अकाउंटंटच्या जागेसाठी पाठवलेला तुमचा ईमेल मिळाला. हे उत्तर आपोआप गेले आहे. अर्ज अजून वाचलेला नाही. १० जूनपर्यंत अर्ज घेऊ. मुलाखतीसाठी बोलवायचे असल्यास २५ जूनपर्यंत फोन करू. निवड झाली नाही तरी ५ जुलैपर्यंत ईमेलने कळवू.’

‘पंधरा दिवसांत’ असे लिहू नये. १ जूनला अर्ज करणारा ते दिवस १ तारखेपासूनच मोजतो, मालक मात्र मुदत संपल्यापासून. तारीख लिहिली की हा घोळ होत नाही. आणि ती चुकणार असे दिसले, तर सगळ्यांना एक ओळ पाठवून नवी तारीख द्यावी. पत्ते ‘बीसीसी’त टाकावेत, नाहीतर कोणी कोणी अर्ज केला ते सगळ्यांनाच कळते.

उमेदवारांनी एक लक्षात ठेवावे. ईमेल पोहोचला एवढेच ही पोच सांगते. बायोडेटा जोडायचा राहून गेला असेल किंवा फाइल उघडत नसेल, तरी तीच पोच येते. त्यामुळे ती आली की ‘सेंट’मध्ये जाऊन आपली फाइल एकदा उघडून पाहा. आणि दिलेली तारीख उलटेपर्यंत फोन करू नका. उलटली तर मात्र खुशाल करा.