ओळखीचं गाव, अनोळखी खेळ

डेन्मार्कच्या आयओ इंटरॅक्टिव्ह या कंपनीने 2018 साली ‘हिटमॅन 2’ हा व्हिडिओ गेम बाजारात आणला. त्याचा एक मोठा टप्पा मुंबईत घडतो. भाडोत्री मारेकऱ्याला तिथे तीन माणसं संपवायची असतात आणि त्यातल्या एकाचं नाव आहे वझीर काळे. हे नाव ठेवताना कोपनहेगनमध्ये कुणी एखाद्या मराठी माणसाला विचारलं असेल असं वाटत नाही. पण त्या टप्प्यात शिरल्यावर मुंबईकर चटकन नावं ठेवू शकत नाही. गल्ल्यांची दाटी आहे, वाळत घातलेले कपडे आहेत, धोबी आहे, न्हावी आहे, सिनेमाचं चित्रीकरण चाललंय, वर एका निर्मात्याचा अर्धवट बांधलेला टॉवर आहे. न्हाव्याचा वेष घेऊन या काळेसाहेबांची दाढी करायला बसता येतं. पुढचं सांगायला नको.

इतकं सगळं असूनही ही मुंबई खेळायची नसते, बघायची असते. इटलीतल्या किंवा मोरोक्कोतल्या टप्प्यात तुम्ही जे करता तेच इथे करता: पाळत, वेषांतर, खून, पळ. गर्दीतून वाट कशी काढावी, दुकानदाराशी कसं बोलावं, रांगेत कुठे उभं राहावं, हे मुंबईकराचं शहाणपण तिथे कवडीच्या उपयोगाचं नाही. ओळखीच्या वातावरणातले खेळ हवेत असं आपल्याकडचे खेळाडू गेली काही वर्षं म्हणताहेत. त्यांना नेमकं काय हवंय, याचं उत्तर मला या फरकात दिसतं. पडद्यावर रिक्षा दिसली म्हणून खेळ आपला होत नाही. आपल्याला रोजच्या जगण्यातून जे ठाऊक आहे ते वापरून डाव सुटायला हवा.

या कसोटीवर पुण्याचा ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’ मधे कुठेतरी बसतो. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या लहानशा चमूने तो केला. 2017 मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीचा प्रयत्न झाला, तो उद्दिष्टापर्यंत पोचला नाही, आणि तरी 2020 मध्ये खेळ आला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांच्या यादीत त्याला नामांकनही मिळालं. डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी राजी, असुरांनी पळवलेला तिचा धाकटा भाऊ गोलू, देवीने हाती दिलेला त्रिशूळ अशी कथा आहे. राजस्थानी महाल, पहाडी शैलीची भित्तिचित्रं आणि कळसूत्री बाहुल्यांतून सांगितलेला कथाभाग मोठ्या प्रेमाने घडवलाय. पण हात जे करतात ते उड्या मारणं आणि मारामारी, म्हणजे परदेशी खेळांतून शिकलेलीच भाषा. पुराण हे आपल्या स्टुडिओंना सोपं भांडवल वाटतं, कारण ते परदेशी गिऱ्हाइकाला भव्य दिसतं आणि देशी गिऱ्हाइकाला समजावून सांगावं लागत नाही. स्वयंपाकघर मात्र दोघांनाही क्षुल्लक वाटण्याची भीती असते.

ती भीती बाजूला ठेवून केलेला खेळ म्हणजे ‘वेण्बा’. तो भारतात झालेला नाही. टोरांटोतल्या विसै गेम्सने तो 31 जुलै 2023 रोजी प्रकाशित केला आणि त्याचा कर्ता अभि हा लहानपणी कॅनडात गेलेला तमिळ मुलगा. पुढच्या वर्षी त्याला स्वतंत्र निर्मात्यांच्या ‘इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल’मधला सर्वोच्च पुरस्कार आणि पदार्पणाच्या खेळासाठीचा बाफ्टा, असे दोन्ही मान मिळाले. त्यात मारामारी नाही, गुण नाहीत, घड्याळही नाही. वेण्बा आणि तिचा नवरा पावलन हे 1980च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात येऊन राहिलेलं जोडपं. शिकलेले, पण मनासारखं काम न मिळालेले. परत जावं की राहावं याचा घोळ चाललेला असताना एका सकाळी तिला बरं वाटत नाही, आणि तरीही ती नवऱ्याच्या डब्यासाठी इडल्या करायला घेते. खेळ इथे सुरू होतो.

तिच्याकडे आईची हाताने लिहिलेली पाककृतींची वही आहे. वही फाटलीय, शाई पसरलीय, महत्त्वाच्या ओळी नेमक्या गेल्यात. चित्रं अर्धवट उरलीत. समोर इडलीपात्र, ताटल्या, कापड, पाणी आणि पीठ. उरलेलं तुम्ही शोधायचं.

यातला पेच कुठे आहे ते सांगतो, कारण खेळाची सगळी कारागिरी त्यात आहे. ताटल्या एकावर एक रचायच्या असतात. प्रत्येक ताटलीत इडलीचे खळगे असतात आणि खळग्यांच्या मधल्या जागेत वाफेसाठी भोकं. सगळ्या ताटल्या एकाच दिशेने रचल्या, तर खालच्या इडलीच्या थेट डोक्यावर वरचा खळगा येतो. फुगायला जागा उरत नाही, आणि वाफही सगळीकडे सारखी फिरत नाही. ताटली थोडी फिरवून ठेवली की खालच्या इडलीवर वरच्या ताटलीची भोकं येतात. वाफेला वाट मिळते आणि इडलीलाही. घरी ज्याने ताटल्या रचल्यात त्याचा हात हे आपोआप करतो. विचारलं तर कारण सांगता येईलच असं नाही. खेळ या हातातल्या ज्ञानालाच कोडं बनवतो. चूक झाली तर वेण्बा स्वतःशी पुटपुटते, काहीतरी बिघडलं, पुन्हा करू. तुम्ही पुन्हा रचता. शिक्षा एवढीच.

पुढे पुट्टू येतो. केरळ आणि दक्षिण तमिळनाडूत तो नेहमीचा. आपल्याकडे फारसा माहीत नाही. उभ्या नळीत ओलं खोबरं आणि भिजवलेलं तांदळाचं पीठ थराथराने भरून वाफेवर शिजवतात. नळीच्या तळाशी भोकांची चकती असते. ती नसेल तर पीठ खाली पाण्यात जाईल. मराठी खेळाडूला इथे गंमत येते: इडलीचा डाव त्याने सवयीने सोडवलेला असतो, पुट्टूला मात्र त्याला खरोखर विचार करावा लागतो. खाली पाणी, मधे चाळण, वर पीठ हे तर्कशास्त्र त्याला उकडीच्या मोदकांमुळे ठाऊक असतं, म्हणून तो पोचतो. ओहायोतल्या खेळाडूला दोन्ही पदार्थ सारखेच परके. म्हणजे एकच कोडं कोण सोडवतंय त्याप्रमाणे सोपं किंवा अवघड होतं.

अभि आणि मंडळींनी दुसरी युक्ती केलीय ती बोलण्याची. मुलगा कविन मोठा होतो, शाळेत इंग्रजीत रमतो आणि आईशी तमिळ बोलणं टाळू लागतो. आईचं तमिळ आणि मुलाचं इंग्रजी पडद्यावर वेगवेगळं दिसतं, आणि कविनला आईचं बोलणं जिथे कळेनासं होतं तिथे आपल्यालाही नीट वाचता येत नाही. पुढे तोच कविन ती वही उघडतो तेव्हा त्याला जेवढं तमिळ वाचता येतं तेवढीच पाककृती खेळाडूला मिळते. पहिल्या प्रकरणात वही काळाने खाल्ली होती, आता अडसर वाचणाऱ्यातच आहे. कोड्याची घडी तीच, कारण बदललं. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये वाढलेल्या मुलांशी मराठीतून बोलणाऱ्या आईबापांना या प्रकरणात बसणं जड जाईल. संगीतही असंच नेमकं आहे. रेडिओवर लागणारी गाणी या खेळासाठी नव्याने केलेली आहेत, आणि प्रत्येक काळाच्या तमिळ सिनेसंगीताची चाल त्यांत ओळखू येते.

उणिवा आहेत. दीड तासाच्या आत खेळ संपतो, आणि पैसे मोजणाऱ्याला ते खटकतं. पदार्थ मोजके आहेत. नुकता हात बसतो तोवर पडदा पडतो. संवादात पर्याय निवडायला मिळतात, पण त्यांनी कथेची वाट फारशी बदलत नाही. आणि कौटुंबिक भाग कधी कधी आपल्या दूरदर्शन मालिकांच्या फार जवळ जातो. मला विचाराल तर या सगळ्यांपेक्षा मोठी मर्यादा अशी, की आई म्हणजे स्वयंपाक हे समीकरण खेळ जरासुद्धा उलटून बघत नाही. वेण्बा शिक्षिका असते, पण तिची शिकवणी आपण कधी खेळत नाही.

या वाटेने जाणारं काम जवळही चाललंय. गोव्यातल्या ‘आय मिस माय फ्रेंड्स’ या दोघांच्या स्टुडिओचा ‘फिशबोल’ घ्या. रिया गुप्ते आणि प्रतीक सक्सेना हे त्याचे कर्ते, आणि सोनीच्या ‘इंडिया हीरो प्रोजेक्ट’ या योजनेचा त्यांना आधार मिळाला. आलो ही एकवीस वर्षांची मुलगी नव्या शहरात एकटी राहते, घरून व्हिडिओ संपादनाचं काम करते. आजी नुकतीच गेलीय. दात घासणं, कपडे धुणं, आईला फोन करणं, आजीच्या सामानाची खोकी उघडणं, हीच खेळाची कामं, आणि कुठलं काम करता येतंय, कुठलं टळतंय यावर तिचं मन वर-खाली होतं. खोक्यात सापडणाऱ्या खेळण्यातल्या माशाचं नाव आहे पापलेट. किनाऱ्यावरच्या वाचकाला हे नाव कुणी समजावून द्यावं लागणार नाही, आणि निर्मात्यांनीही ते दुसऱ्या कुणासाठी बदललं नाही. एवढा आत्मविश्वास पुरेसा आहे.

एक गोष्ट कबूल करायला हवी. ओळखीच्या खेळांत लोकसंख्येच्या मापाने जो जिंकला तो यांतला एकही नाही. तो ‘लुडो किंग’. नवी मुंबईच्या गेमेशनने तो 2016 मध्ये काढला आणि 2020च्या टाळेबंदीत घराघरांत पोचला. त्यात भारतीय चित्रं जवळपास नाहीत. फक्त सोंगटी मारण्याचा, भावाला मुद्दाम अडवण्याचा आणि फासे सॉफ्टवेअरच्या मर्जीने पडतात अशी तक्रार करण्याचा घरगुती रिवाज आहे. तोही नियमांतूनच आला, नेपथ्यातून नाही.

मराठी जगण्यात असे नियम किती पडलेत! उकड काढताना जेवढ्यास तेवढं पाणी, आधण आल्यावर पीठ, मग झाकण; गार झाली तर पारीला चिरा, कोरडी झाली तर कळ्या मोडणार. फलाटावर कुठे उभं राहिलं की उतरताना पूल समोर येतो. पंक्तीत वाढायला कुठून सुरुवात करायची आणि मीठ पानात कुठे. यातलं प्रत्येक एखाद्या डावाचं बीज आहे, आणि ते करायला महालही लागत नाहीत, असुरही.

तोवर सुरुवात ‘वेण्बा’पासून करा. संगणकावर स्टीममधून तो मिळतो, स्विच, प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्सवरही आहे, आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. इशारे मागू नका, घरातल्या ज्येष्ठांना शेजारी बसवा, आणि इडलीच्या ताटल्या रचायची पाळी त्यांच्याकडे द्या.