सर, हे मी बघते

विल्यम ऑन्केन आणि डोनल्ड वास यांचा एक लेख १९७४ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये आला. ‘मॅनेजमेंट टाइम : हूज गॉट द मंकी?’ हे त्याचं नाव. हाताखालच्या माणसाच्या खांद्यावरचं माकड बघता बघता साहेबाच्या खांद्यावर कसं जाऊन बसतं, हे त्यात रंगवून सांगितलंय. लेख इतका गाजला, की १९९९मध्ये तो स्टीफन कोवी यांच्या टिपणासह पुन्हा छापला गेला. बहुतेकांना त्यातलं माकडच आठवतं. मला मात्र शेवटाकडचा एक छोटा भाग सगळ्यात मोलाचा वाटत आला आहे. तिथे ऑन्केननी हाताखालच्या माणसाच्या पुढाकाराच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत.

सगळ्यात खालची पायरी म्हणजे सांगतील तेव्हा करायचं, तोवर थांबायचं. दुसरी, ‘काय करू?’ असं जाऊन विचारायचं. तिसरी, ‘असं करावं असं मला वाटतं’ म्हणून प्रस्ताव ठेवायचा आणि होकार आला की करायचं. चौथी, आधी करायचं आणि लगेच कळवायचं. पाचवी, आपलं आपण करायचं आणि ठरल्या वेळी एकत्र अहवाल द्यायचा. पहिल्या दोन पायऱ्या आपल्या खात्यात बंदच करून टाकाव्यात, असा ऑन्केनचा साहेबांना सल्ला आहे.

लेख साहेबांसाठी लिहिलेला आहे, पण मी तो कायम उलट्या बाजूने वाचत आलो. प्रत्येक ईमेल आधी बघणारा, दर तासाला ‘कुठवर आलं?’ विचारणारा, तुम्ही केलेल्या तक्त्यातल्या रेघासुद्धा बदलणारा साहेब ज्याच्या वाट्याला आलाय, त्याच्या हाती यातून काय लागतं? एक फार उपयोगी गोष्ट लागते. पायरी माणसाची नसते, कामाची असते. एकाच माणसाला एका कामात पाचवी पायरी मिळू शकते आणि दुसऱ्या कामात तिसरी. म्हणून ‘मला मोकळीक द्या’ ही मागणी बहुधा फुकट जाते. साहेबाला त्यातून काय सोडायचं आहे तेच कळत नाही. ‘या एका प्रकारच्या कामात मला एक पायरी वर जाऊ द्या’ ही मागणी मात्र त्याला तोलून बघता येते.

माझं निम्मं आयुष्य सरकारी फायलींत गेलं, त्यामुळे या पायऱ्या मला कागदावर दिसतात. ‘आदेशार्थ सादर’ लिहून फाइल वर पाठवणारा दुसऱ्या पायरीवर असतो. स्वच्छ प्रस्ताव मांडून ‘मान्यतेस्तव सादर’ लिहिणारा तिसऱ्या, आणि काम उरकून ‘माहितीस्तव सादर’ करणारा चौथ्या. कोणी किती खर्च स्वतःच्या सहीने मंजूर करायचा, हे ठरवून देणारी वित्तीय अधिकार नियमपुस्तिका महाराष्ट्र शासनाकडे १९७८पासून आहे. सरकारी कामाला लोक नावं ठेवतात, पण मर्यादा आधी लिहून ठेवण्याची ही पद्धत मला आजही उत्तम वाटते. खासगी कंपन्यांत ही मर्यादा पुष्कळदा साहेबाच्या मनात असते, आणि मनातली मर्यादा दिवसागणिक बदलते.

साहेबाच्या बारीकसारीक देखरेखीचं मूळ फ्रेडरिक टेलर यांच्या १९११च्या ‘सायंटिफिक मॅनेजमेंट’पर्यंत नेता येतं. विचार वरच्यांनी करायचा आणि हात खालच्यांनी चालवायचे, ही ती वाटणी. पुढे ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात मायकल मार्मट आणि सहकाऱ्यांना आढळलं, की कामावर स्वतःचा ताबा कमी असणाऱ्यांत हृदयविकाराचं प्रमाण जास्त आहे. एवढं सांगून मी चाकणला जातो.

माझी भाची चाकणच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. मोटारींचे सुटे भाग तिथे मशीनवर कापून तयार होतात. तिच्याकडे रोज लागणाऱ्या वस्तूंची खरेदी असते : कटिंग टूलचे इन्सर्ट, कूलंट, हातमोजे, पॅकिंगचा माल. तिचे सर पन्नाशीचे, अनुभवी, पण पाचशे रुपयांच्या हातमोज्यांची ऑर्डरही त्यांच्या नजरेखालून जायची. एका रविवारी ती म्हणाली, “मामा, मी टपाल पोचवते, खरेदी करत नाही.” नोकरी सोडायची भाषा सुरू झाली होती.

मी तिला एकच काम सांगितलं. दोन आठवडे सर जे जे विचारतील ते वहीत लिहायचं : प्रश्न, वेळ आणि कशाबद्दल. मत लिहायचं नाही. वही घेऊन ती आली तेव्हा आम्ही दोघांनी बसून प्रश्नांची वर्गवारी केली आणि चित्र पालटलं. दर किंवा पुरवठादार याबद्दलचे प्रश्न मोजके होते. बहुतेक वेळा प्रश्न एकच होता, ‘माल कधी येतोय?’ आणि तो सकाळी साडेदहाच्या उत्पादन बैठकीच्या आधी किंवा संध्याकाळी पाचच्या सुमारास यायचा. स्टोअरमधल्या एका जुन्या माणसाने तिला पुढचा धागा दिला. ती रुजू होण्याआधी एकदा इन्सर्ट संपले, मशीन उभं राहिलं, आणि भर बैठकीत सरांना उत्तर देता आलं नव्हतं.

ही वही मला फार महत्त्वाची वाटते. बारीक लक्ष ठेवणाऱ्या साहेबाला आपण ‘स्वभाव’ म्हणून सोडून देतो, पण त्याच्या प्रश्नांना वेळ असते आणि विषय असतो. या सरांची भीती तिच्या कामाबद्दल नव्हतीच, बैठकीत तोंडघशी पडण्याबद्दल होती. ती भीती आहे तोवर ते एकही ऑर्डर नजरेआड होऊ देणार नव्हते.

म्हणून आधी मोकळीक मागायची नाही, आधी प्रश्नाच्या पुढे पोचायचं असं ठरलं. तिने रोज सव्वादहाला एक तक्ता द्यायला सुरुवात केली. सगळ्या वस्तू नाहीत, फक्त चार दिवसांपेक्षा कमी साठा उरलेल्या. वस्तूचं नाव, किती दिवस पुरेल, ऑर्डर कुठे अडकली आहे, माल कधी येणार, आणि नाही आला तर मी काय करणार. हा शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा, कारण तो तिला दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर आणतो.

पहिले काही दिवस हा तक्ता ईमेलने गेला आणि सरांचे फोन तसेच चालू राहिले. ते ईमेल उघडतच नव्हते. पीटर ड्रकर यांनी ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’मध्ये म्हटलंय, की काही साहेब वाचणारे असतात आणि काही ऐकणारे. गॅबारो आणि कॉटर यांनीही १९८०च्या ‘मॅनेजिंग युअर बॉस’ या लेखात तो मुद्दा उचलला आहे. हे सर ऐकणारे निघाले. मग तिने तक्त्याची एक प्रत छापून नेली आणि त्यांच्या टेबलापाशी उभं राहून तीन ओळी बोलून दाखवल्या : “काळजीच्या दोनच वस्तू आहेत. कूलंट उद्या दुपारी येतंय. इन्सर्ट गुरुवारी, नाहीतर मी भोसरीच्या डीलरकडून एक बॉक्स आणते.” सर तो कागद हातात घेऊन बैठकीला गेले. त्या आठवड्यात सकाळचे फोन थांबले.

मोकळीक मागितली ती यानंतर, महिन्याभराने. तिने निवडलेला प्रकार असा होता : दर आधीच ठरलेले आहेत, पुरवठादार जुना आहे, ऑर्डर पूर्वी दिलेलीच आहे आणि रक्कम २५ हजारांच्या आत. चूक झाली तरी निस्तरता येईल असा. तिची वाक्यं आम्ही घोटून तयार केली होती : “सर, दर करारातल्या, २५ हजारांच्या आतल्या रिपीट ऑर्डर महिनाभर मी सोडते. सोडलेल्यांची यादी त्याच संध्याकाळी देते. दर बदलला, पुरवठादार नवा असला किंवा तारीख चुकेल असं दिसलं, तर आधी तुमच्याकडे येते.” मुदत, मर्यादा आणि परत यायच्या खुणा, तिन्ही त्यात आहेत. साहेबाला कायमचं काही द्यावं लागत नाही, म्हणून होकार सोपा जातो. सर म्हणाले, “दहा हजारांपर्यंत, पंधरा दिवस बघू.” तिने ते घेतलं. अशा वेळी घासाघीस करू नये, असं माझं ठाम मत आहे.

पंधरवडा संपायच्या आत एका पुरवठादाराने चुकीच्या ग्रेडचे इन्सर्ट पाठवले. कास्ट आयर्नला हवे होते, आले स्टीलचे. स्टोअरमध्ये खोका उघडल्यावर कळलं. तिने भोसरीच्या डीलरला फोन करून संध्याकाळपर्यंत दोन बॉक्स ठरवले, परतीची नोंद केली आणि अर्ध्या तासात सरांसमोर जाऊन सांगितलं : काय झालं, काय केलं, मशीन थांबणार नाही, आणि इथून पुढे ऑर्डरवर ग्रेडचा पूर्ण कोड लिहिला जाईल. विश्वासाचा खरा व्यवहार त्या अर्ध्या तासात झाला असं मी मानतो. वाईट बातमी दुसऱ्याकडून कळली असती, तर दहा हजारांची मर्यादा त्याच दिवशी शून्यावर आली असती. सरांनी आधी आवाज चढवला, पण मर्यादा काढली नाही.

मी मुद्दाम एकदा तो कारखाना बघायला गेलो. तोवर मर्यादा २५ हजारांवर गेली होती आणि रोजची यादी आठवड्यावर आली होती, म्हणजे त्या एका कामात ती पाचव्या पायरीवर होती. नवा पुरवठादार निवडणं मात्र तिसऱ्या पायरीवरच आहे. ग्राहकाला जाणारं पत्र सर अजून आधी वाचतात, आणि तिथे मला तेच बरोबर वाटतं. इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांनी ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’मध्ये मांडलंय, की माणूस त्या विशिष्ट कामात किती मुरलाय त्यावर देखरेख ठरावी. मुरलेला माणूस नव्या कामात नवखाच असतो.

या वाटेवर एक खड्डा मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिला आहे. ‘चारपर्यंत उत्तर आलं नाही तर मी पुढे जातो’ असं ईमेलमध्ये लिहून ते मोकळे होतात. हा उपाय चांगला आहे, पण मौन म्हणजे होकार हे साहेबाशी आधी तोंडी ठरलेलं असेल तरच. ठरलेलं नसेल तर साहेबाला तो डाव वाटतो. आणि पैसे चुकते करणं, सुरक्षितता किंवा ग्राहकाला दिलेला शब्द, म्हणजे परत फिरवता येत नाहीत अशा गोष्टींत तो वापरूच नये.

काही साहेबांपुढे यातलं काहीच चालत नाही. वेळेआधी माहिती मिळूनही दोन महिन्यांत प्रश्न कमी होत नाहीत. काल सांगितलेलं आज चूक ठरतं. हरकती कामावर न येता माणसावर येतात, आणि त्याही चारचौघांत. तिथे कारण भीती नसून सत्ता असते आणि तक्त्याने ती कमी होत नाही. वही तरीही ठेवावी, कारण मनुष्यबळ विभागाकडे किंवा वरच्या साहेबाकडे जायची वेळ आली तर तारीखवार नोंदच कामी येते. त्यानंतर बदली मागावी किंवा दुसरी नोकरी बघावी.

उद्या कामावर जाल तेव्हा लगेच साहेबांशी बोलायला जाऊ नका. आधी दोन आठवडे त्यांचे प्रश्न वेळेसह लिहून काढा, आणि मग चूक निस्तरता येईल असा कामाचा एकच प्रकार निवडा.