जर्मनीतला भाडेकरार: सही करण्याआधी

बर्लिन-म्युनिकमध्ये भाड्याचं घर मिळणं इतकं अवघड झालंय, की होकार आला की आपली मुलं लगेच सही करून मोकळी होतात. जर्मन भाडेकरार लांबलचक असतो, पण त्यातली तीन कलमं तरी शब्दन् शब्द वाचलीच पाहिजेत.

समजा, करारात 'काल्टमीटं', म्हणजे नुसतं घरभाडं, ८०० युरो आहे आणि 'नेबेनकोस्टेन', म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई यांचा खर्च, २०० युरो. दरमहा हजार युरो जाणार. अनामत मात्र ८०० वरच मोजायची. कायद्यानं ती जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या नुसत्या भाड्याइतकी, म्हणजे २४०० युरो, घेता येते. घरमालक ३००० मागत असेल, तर त्यानं हजाराला तीननं गुणलंय हे ओळखावं. ही रक्कम तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे.

नोटिशीच्या कलमात बहुधा तीन महिने लिहिलेले असतात, पण खरी मेख तारखेत असते. सप्टेंबर २०२६ मध्ये नोटीस द्यायची, तर ती तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत, म्हणजे ३ तारखेपर्यंत, मालकाच्या हातात पडली पाहिजे. तरच करार ३० नोव्हेंबरला संपतो. पत्र ४ तारखेला पोचलं तर ३१ डिसेंबर, म्हणजे आणखी हजार युरो. शिवाय नोटीस कागदावर, स्वतःच्या सहीनिशी लागते. ई-मेल किंवा व्हॉट्सॲप चालत नाही. जवळच 'क्युंडिगुंग्सफरत्सिश्ट' असं कलम दिसलं, तर तिथं थांबा. ठरावीक काळ नोटीस देणार नाही, असं तुम्ही त्यात कबूल करत असता. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी गेलेल्या मुलीनं तीन वर्षांचं असं कलम मान्य करणं महागात पडतं.

नेबेनकोस्टेनपुढे 'पाउशाले' लिहिलं असेल तर रक्कम ठोक. वर्षाअखेरीस हिशेब नाही. 'फोराउसत्साहलुंग' असेल तर २०० युरो ही फक्त आगाऊ रक्कम. वर्षाचा हिशेब झाला की फरक द्यावा लागतो किंवा परत मिळतो. भाडं स्वस्त दिसावं म्हणून कधी ही आगाऊ रक्कम मुद्दाम कमी दाखवतात आणि थंडीतल्या हीटिंगचा फटका नंतर बसतो. म्हणून सहीआधीच मागच्या वर्षाचा हिशेब मागावा. घरमालकाचा व्यवस्थापनखर्च आणि इमारतीची दुरुस्ती त्यात धरता येत नाही.

हिशेबाचं वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत मालकानं तो द्यायचा असतो. उशीर झाला आणि दोष त्याचाच असला, तर जादा रक्कम मागता येत नाही. पण नोव्हेंबर २०२६ मध्ये घर सोडलेल्या भाडेकरूला त्या वर्षाचा हिशेब थेट डिसेंबर २०२७ मध्येही येऊ शकतो, आणि तोवर अनामतीचा वाजवी हिस्सा मालक राखून ठेवू शकतो. त्यामुळे किल्ल्या परत करताना हीटिंग आणि पाण्याच्या मीटरचे आकडे हस्तांतराच्या कागदावर लिहून, त्यावर मालकाची सही घ्यावी.