गोळी थांबली, पाय पुन्हा तापला

काशीत पंचगंगा घाटाच्या वर, मंगला गौरीच्या गल्लीत माझी आत्या राहते. मराठी घरांची ही जुनी वस्ती. तिचा डावा पाय हत्तीरोगामुळे कायमचा सुजलेला. एका वर्षात तीन वेळा तिला हुडहुडी भरून ताप आला आणि काही तासांत पोटरी लालभडक, गरम, हात लावू देईना अशी झाली. घरच्यांना वाटे, हत्तीरोगाचे कृमी पुन्हा जागे झाले. खरे तर हे काम बहुधा स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंचे असते. याला सेल्युलायटिस म्हणतात.

जिवाणूंशी लढणाऱ्या पेशी लसिकावाहिन्यांतून प्रवास करतात. वाहिन्या तुंबल्या की पायाची राखण ढिली पडते. शिवाय प्रत्येक झटका उरल्यासुरल्या वाहिन्या खराब करतो, सूज वाढते आणि पुढचा झटका सोपा होतो. हे चक्र तोडण्यासाठी डॉक्टरांनी आत्याला पेनिसिलिन व्ही २५० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू केली. औषध जुने, पण या स्ट्रेप्टोकोकसवर पेनिसिलिन आजही चालते.

ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या २७४ रुग्णांवर नेमका हाच डोस वर्षभर तपासला गेला. पायाचा सेल्युलायटिस किमान दोनदा झालेले हे लोक होते. २०१३ साली निष्कर्ष आले: त्या वर्षात गोळी घेणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांना पुन्हा झटका आला, नुसती साखरगोळी घेणाऱ्यांपैकी ३७ टक्क्यांना. पण गोळी बंद झाल्यावर दोन्ही गटांत फरक उरला नाही. म्हणजे पेनिसिलिन राखण करते, पाय दुरुस्त करत नाही. ज्यांचे पाय सुजलेले होते, वजन फार होते किंवा आधी तीन किंवा अधिक झटके येऊन गेले होते, त्यांना फायदा कमी झाला.

गोळी बंद झाली की राखण संपते, हे आत्याच्या बाबतीतही दिसले. वर्ष निर्धोक गेले, गोळ्या थांबल्या आणि श्रावणातल्या मंगळवारी ओल्या पायऱ्यांवरून अनवाणी देवीला जाऊन आल्यावर दोन दिवसांत पाय पेटला. करंगळीच्या बेचक्यात पांढरी, भिजलेली चीर होती. जिवाणूंची वाट तीच.

मग गोळी किती दिवस घ्यायची? ब्रिटनमधले लिम्फिडीमातज्ज्ञ सांगतात की दोन वर्षे झटका आला नाही तर थांबवून पाहावे, पुन्हा आला तर आयुष्यभर चालू ठेवावी. अमेरिकन मार्गदर्शिका म्हणते, कारण टिकून आहे तोवर गोळी टिकावी. आत्याची सूज जाणारी नाही, म्हणून तिची गोळी पुन्हा सुरू झाली आणि ती दरवर्षी डॉक्टरांना दाखवते. रोज गोळी विसरणाऱ्यांना आपल्याकडे तीन आठवड्यांनी पेनिड्यूरचे इंजेक्शन देतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर डॉक्टर दुसरे औषध निवडतात.

झटका आलाच तर ही रोजची छोटी मात्रा पुरत नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि रात्री पाय धुऊन प्रत्येक बेचके कोरडे पुसावे. आत्या आता ते चुकवत नाही.