दहावीचा अर्ज, तीन पुरावे आणि एक जूनचा वाढदिवस

मागच्या वेळी प्रमाण म्हणजे काय, यावर आपण बोललो. त्यानंतर एका श्रोत्याने विचारलं, "सर, हे सगळं व्यवहारात कुठे लागतं?" म्हणून आज आम्ही प्रमाणाचं नव्हे, प्रमाणपत्राचं बोलणार आहोत. शाळा सुटलेल्या माणसाला मुक्त विद्यालयातून दहावीला बसायचं असेल, तर नाव नोंदवताना काय घडतं ते पाहू.

आम्ही राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेबद्दल बोलतो आहोत, जिला लोक एनआयओएस म्हणतात. आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म हा वेगळा रस्ता. एनआयओएसमध्ये दहावीसाठी वय किमान १४ पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही. आधीची अमुक इयत्ता पास असण्याची अट नाही; आपल्याला पुरेसं लिहिता-वाचता येतं, असं स्वतःचं घोषणापत्र चालतं. किमान पाच विषय घ्यायचे, त्यात एक भाषा हवीच. माध्यम मराठी घेता येतं. एकदा झालेली नोंदणी पाच वर्षं टिकते, परीक्षा वर्षातून दोनदा होते. अर्ज sdmis.nios.ac.in या संकेतस्थळावर भरायचा. इथवर सगळं सोपं आहे.

अडतं ते पुराव्यांपाशी. आणि का अडतं? कारण तीन वेगळे प्रश्न आपण एकच समजतो. तुम्ही कोण, हा पहिला. तुमचा जन्म कधीचा, हा दुसरा. तुम्ही राहता कुठे, हा तिसरा. आधार कार्ड खिशात आहे म्हणजे तिन्ही उत्तरं खिशात आहेत, असं लोकांना वाटतं. तसं नाही बरं का. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, पत्त्याला चालतो. पण तो जन्मतारखेचा पुरावा नाही, हे आधार देणाऱ्या प्राधिकरणानेच २०२३ साली परिपत्रक काढून स्पष्ट केलं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका भरपाईच्या खटल्यात आधारवरच्या तारखेपेक्षा शाळेच्या दाखल्यावरची तारीख धरली.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, बीड जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या एक ताई आहेत. लग्न होऊन पुण्याला आल्या. इस्पितळात कंत्राटदाराकडे काम करतात, पीएफ कापला जातो. पुढच्या जागेसाठी दहावी हवी. आता त्यांचे कागद पाहा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि जन्मतारीख १ जून १९८४. आधारवर सासरचं नाव, पत्ता अजून गावचा आणि फक्त जन्मवर्ष, १९८३. आई म्हणते, "ही दिवाळीतली."

तीन कागद नव्हे, तीन साक्षीदार झाले हे! खरं कोण बोलतंय?

हा १ जून महाराष्ट्रात किती घरांत आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. जूनमध्ये शाळा भरायची, मूल दाखल करताना वय बसवायला हवं, घरी तारीख कुणाला आठवत नाही. गुरुजी १ जून लिहून मोकळे. म्हणजे तारीख बहुधा खरी नाही. तरीही अर्जात तीच लिहावी, असं आमचं मत आहे. का? वयाचा पुरावा "तुम्ही खरोखर कधी जन्मलात" हे सांगतच नाही. तो सांगतो, "जुन्यात जुन्या नोंदीत काय लिहिलंय." आईची आठवण खरी असेल, पण ती तपासता येत नाही. शाळेचं जनरल रजिस्टर उघडून तपासता येतं.

काही जण सुचवतात, नवा जन्मदाखला काढा. ज्यांच्याकडे शाळेचा दाखलाच नाही त्यांना तो मार्ग घ्यावा लागतो. आधी जन्माची नोंद आढळत नसल्याचा दाखला, मग दंडाधिकाऱ्यांचा आदेश, कारण वर्षापेक्षा जुन्या जन्माची नोंद त्याशिवाय होत नाही. त्याला महिनोन् महिने जातात. पण शाळेचा दाखला असताना दिवाळीची तारीख टाकून जन्मदाखला काढला, तर हाती एक सत्य येत नाही, दोन तारखा येतात. मग आयुष्यभर दोन्ही एकमेकींना खोटं ठरवत राहतात.

दाखला हरवला असेल तर शाळेतून दुसरी प्रत मिळते. शाळा बंद पडली असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात रजिस्टरची चौकशी करायची. प्रत हातात आली की तिथेच उभं राहून वाचायची. आकड्यांतली तारीख आणि अक्षरी तारीख जुळते का? वडिलांचं नाव बरोबर आहे का? चूक असेल तर ती शाळेतच दुरुस्त करून घ्यायची, कारण पुढे मुक्त विद्यालय याच कागदाकडे बोट दाखवेल.

नावाचं काय? दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव हवं की सासरचं, हे अर्ज भरण्याआधी ठरवायचं. माहेरचं ठेवलं तर दाखल्याशी ते सरळ जुळतं आणि आधारशी जोडायला विवाह नोंदणीचा दाखला लागतो. सासरचं हवं असेल तर नावबदलाचा पुरावा अर्जासोबतच हवा. त्यासाठी राजपत्रातली नोंद सर्वात भक्कम. अर्जात एक, दाखल्यावर दुसरं आणि मध्ये दुवा काहीच नाही, असं झालं की अर्ज त्रुटीत निघतो.

राहता पत्ता तिसरा. अभ्यास केंद्र पत्ता पाहून निवडायचं असतं. ताईंनी गावचा पत्ता टाकला आणि केंद्र बीडकडचं निवडलं, तर स्वाध्याय द्यायला, प्रात्यक्षिकाला आणि पेपरला रजा काढून गावी जावं लागेल. कंत्राटी कामात रजा म्हणजे पगार गेला. म्हणून आधी पत्ता बदलायचा. घरभाड्याचा करार त्यांच्या नावाने नाही, वीजबिल घरमालकाचं. पण नवऱ्याच्या आधारवर पुण्याचा पत्ता आहे. कुटुंबप्रमुखाच्या संमतीने आधारवरचा पत्ता ऑनलाइन बदलता येतो. नात्याचा पुरावा म्हणून विवाहाचा दाखला जोडायचा आणि नवऱ्याने ३० दिवसांत संमती द्यायची. पाहा, विवाहाचा एकच दाखला नावालाही उपयोगी आला आणि पत्त्यालाही. म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

तर क्रम असा लागतो. विवाहाचा दाखला, शाळेचा दाखला, आधारवरचा पत्ता, आणि मग अर्ज. स्कॅन मूळ कागदाचं करायचं, झेरॉक्सच्या झेरॉक्सचं नव्हे. अर्ज पाठवण्याआधी नाव, आईवडिलांची नावं आणि तारीख दुसऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचून घ्यायची.

एवढी काटेकोरी कशाला? गुरुजींनी सहज लिहिलेला तो १ जून आता मंडळाच्या प्रमाणपत्रावर छापला जाईल. त्या प्रमाणपत्राच्या आधारे ताई आधारवरची तारीख दुरुस्त करू शकतील, आणि ती दुरुस्ती साधारणपणे एकदाच करू देतात. पुढे पीएफ काढताना, अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन मागताना तीच तारीख विचारतील. दिवाळीत आई औक्षण करेल ते करेलच. कागदावर मात्र ताईंचा वाढदिवस एकच असायला हवा.

इथे थांबू. प्रश्न असतील तर विचारा.