किरीट पांढरा का?

22 जानेवारी 1898 रोजी कोकणातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर नॉर्मन लॉकियर आपल्या दुर्बिणी मांडून खग्रास सूर्यग्रहणाची वाट पाहत होते. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक नायगमवाला यांनी जेऊरला तळ ठोकला होता. चंद्राने सूर्य पुरता झाकला आणि त्याभोवती मोत्यासारखा पांढरा किरीट उमटला. त्याआधी नऊच महिने जे. जे. थॉमसन यांनी लंडनमधल्या व्याख्यानात इलेक्ट्रॉनच्या शोधाची माहिती दिली होती. किरीटाचा तो उजेड बहुतांशी इलेक्ट्रॉननीच आपल्याकडे वळवलेला आहे, हे मात्र त्या दिवशी किल्ल्यावर कोणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

किरीट स्वतःच्या उष्णतेने असा पांढरा दिसत नाही. सूर्याच्या पृष्ठभागावरून निघालेला प्रकाश किरीटातल्या विरळ वायूतून जाताना थोडासा इकडेतिकडे विखुरतो आणि त्यातला काही आपल्या दिशेने येतो. पण आपल्या आकाशातही सूर्यप्रकाशच विखुरतो, आणि आकाश तर निळं दिसतं. मग किरीट निळा का नाही?

प्रकाश ही विद्युतक्षेत्राची लाट आहे. लाट इलेक्ट्रॉनवरून जाते तेव्हा तिचं क्षेत्र त्याला एकदा वर, एकदा खाली असं ओढत राहतं. हलणारा विद्युतभार जेव्हा वेग बदलतो, म्हणजे त्याला त्वरण मिळतं, तेव्हा तो स्वतः लाटा सोडू लागतो. म्हणून इलेक्ट्रॉन आलेल्या लाटेतून थोडी ऊर्जा घेतो आणि त्याच वारंवारतेची नवी लाट चहूकडे पाठवतो. ठरावीक तालात वरखाली होणाऱ्या अशा भाराला आंदोलित द्विध्रुव म्हणतात. रेडिओ केंद्राच्या उभ्या अँटेनातही इलेक्ट्रॉन असेच मागेपुढे हलत असतात.

निळ्या-पांढऱ्याचा निकाल त्वरणावर लागतो. हवेच्या रेणूतला इलेक्ट्रॉन स्प्रिंगला बांधल्यासारखा असतो. तो किती सरकेल हे स्प्रिंगच्या ताठरपणावर ठरतं, त्यामुळे तांबडी लाट असो की निळी, तो जवळजवळ तेवढाच सरकतो. पण निळी लाट तेवढंच अंतर अधिक वेळा, अधिक घाईने कापायला लावते. साहजिकच त्वरण वाढतं, आणि निळा रंग तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त विखुरतो. किरीटात तापमान दहा लाख अंशांच्या घरात असल्याने हायड्रोजनचे अणू फुटलेले असतात आणि इलेक्ट्रॉन मोकळे असतात. मोकळ्या इलेक्ट्रॉनला मागे ओढणारी स्प्रिंग नाही. क्षेत्राचा जोर भागिले इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, एवढंच त्याचं त्वरण, आणि त्यात वारंवारता कुठेच येत नाही. तांबडा, हिरवा, निळा सगळे सारख्याच प्रमाणात विखुरतात, म्हणून किरीटाचा रंग सूर्याचाच राहतो.

हे प्रमाण एका आकड्यात मांडता येतं. इलेक्ट्रॉन जणू एक छोटी चकती आहे आणि तिच्यावर पडेल तेवढा प्रकाश विखुरला जातो, अशी कल्पना करा. त्या चकतीचं क्षेत्रफळ म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रकीर्णन-काटछेद. थॉमसन यांच्या सूत्राने तो असा येतो:

σ = (8π/3) r² = 6.65 × 10⁻²⁵ चौ. सेंमी

इथे r ही इलेक्ट्रॉनच्या भारावरून आणि वस्तुमानावरून काढलेली लांबी आहे, 2.82 × 10⁻¹³ सेंमी. ती इलेक्ट्रॉनची खरीखुरी त्रिज्या नव्हे, चकतीही हिशेबापुरतीच. वस्तुमान छेदात वर्गाने येतं, म्हणून 1836 पट जड असलेला प्रोटॉन सुमारे 34 लाख पट कमी प्रकाश विखुरतो. किरीटात इलेक्ट्रॉनांच्या बरोबरीने प्रोटॉन असतात, पण या हिशेबात ते नसल्यात जमा.

एकेका इलेक्ट्रॉनची कामगिरी मात्र अगदी मामुली असते. सूर्याच्या अगदी जवळच्या प्रखर उजेडातही तो प्रकाशामुळे जेमतेम अणुकेंद्राच्या आकाराइतका हलतो आणि एक-दोन मिनिटांत कसाबसा एक फोटॉन विखुरतो. तरीही किरीट डोळ्यांना दिसतो, तो संख्येच्या बळावर. किरीटाच्या तळाशी एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे दहा कोटी इलेक्ट्रॉन असतात. आपली नजर त्यातून साधारण सूर्याच्या त्रिज्येएवढं, सात लाख किलोमीटर अंतर कापते असं धरू. मग नजरेच्या वाटेवर दर चौरस सेंटिमीटरमागे 7 × 10¹⁸ इलेक्ट्रॉन आले. आपल्या खोलीतल्या एका घन सेंटिमीटर हवेत याच्या तिपटीहून जास्त रेणू असतात, इतका किरीट विरळ. या संख्येला काटछेदाने गुणलं की सुमारे 5 × 10⁻⁶ येतं. म्हणजे दहा लाख भाग प्रकाशातले पाचच भाग विखुरतात. तेही सर्व दिशांना वाटले जातात आणि उंचीबरोबर घनता झपाट्याने घटते, त्यामुळे सूर्याच्या तेजाच्या दहा लाखांश भागाएवढं काहीतरी हाती उरतं. सूर्याच्या कडेजवळ किरीटाचं मोजलेलं तेज याच पातळीचं आहे.

हाच हिशेब उलटाही करता येतो. काटछेद रंगावर किंवा तापमानावर अवलंबून नसल्याने तेज मोजणं म्हणजे जवळपास इलेक्ट्रॉनांची शिरगणतीच. अडचण एकच: सूर्य आणि आपण यांच्या मधल्या अवकाशातली धूळही सूर्यप्रकाश विखुरते, आणि तिचा उजेड या मोजणीत घुसतो. तो वेगळा कसा काढायचा?

इथे द्विध्रुवाचं चित्र पुन्हा कामाला येतं. वरखाली हलणारा इलेक्ट्रॉन बाजूंना सर्वाधिक प्रकाश पाठवतो आणि हलण्याच्या रेषेत, थेट वर किंवा थेट खाली, काहीच पाठवत नाही. सूर्याच्या कडेबाहेरच्या इलेक्ट्रॉनचा विचार करा. सूर्यप्रकाश त्याला आडवा ढकलतो: काही हलणं आपल्याला समोरून दिसतं, काही आपल्या नजरेच्या रेषेतच होतं. नजरेच्या रेषेतलं हलणं आपल्याकडे प्रकाश पाठवत नाही. उरतो तो सूर्याच्या कडेला समांतर कंपन करणारा, म्हणजे ध्रुवित प्रकाश. ध्रुवण-फिल्टर फिरवला की इलेक्ट्रॉनांचा उजेड कमीजास्त होतो, धुळीचा मात्र सूर्याजवळ जवळजवळ तसाच राहतो. फिल्टरच्या वेगवेगळ्या स्थितींत घेतलेली चित्रं वजा करून दोन्ही उजेड वेगळे करतात.

दुसरी खूण वर्णपटात आहे. सूर्यप्रकाशात कॅल्शियमच्या ठळक काळ्या रेषा असतात आणि धुळीवरून आलेल्या उजेडात त्या जशाच्या तशा दिसतात. किरीटातले इलेक्ट्रॉन मात्र सेकंदाला सहा-सात हजार किलोमीटर वेगाने सैरावैरा धावतात. धावणाऱ्याने परतवलेल्या प्रकाशाची तरंगलांबी डॉप्लर परिणामाने थोडी सरकते. प्रत्येकाचा वेग वेगळा, दिशा वेगळी, त्यामुळे रेषा फासल्यासारख्या पुसट होतात. वॉल्टर ग्रोट्रियन यांनी 1931 मध्ये त्यांच्या जागी उरलेले उथळ खळगे दाखवले.

या सूत्राला एक मर्यादा आहे. कठीण क्ष-किरण आणि गॅमा किरण यांच्या फोटॉनचा धक्का इलेक्ट्रॉनला मागे सरकवतो. फोटॉनची ऊर्जा 511 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ आली, की काटछेद घटतो आणि विखुरलेल्या लाटेची वारंवारताही बदलते. दृश्य प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्टच असते. म्हणून किरीटासाठी थॉमसन यांचा जुना आकडा आजही चालतो, आणि आदित्य-एल1 वरचा करोनाग्राफ खग्रासाची वाट न पाहता जो पांढरा उजेड टिपतो, त्यातून इलेक्ट्रॉन मोजायलाही तोच आकडा लागतो.