भिंतीत जिरणारं सोनं

फुकट डाउनलोड करून खेळता येणाऱ्या मोबाइल गेममध्ये पैशाचे दोन प्रकार असतात. खरे रुपये मोजून जे विकत घेतलं जातं ते महाग चलन, आणि नुसतं खेळत राहून जे मिळतं ते स्वस्त चलन. या दुसऱ्याला धंद्यातली माणसं 'सॉफ्ट करन्सी' म्हणतात. ते किती छापायचं हे कंपनीच्या हातात असतं, आणि खरी कसरत तिथूनच सुरू होते. ही कसरत समजून घ्यायला 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' चांगला. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीने तो २०१२ च्या ऑगस्टमध्ये आयफोनसाठी आणला आणि पुढच्याच वर्षी तो अँड्रॉइडवरही आला. आपल्याकडेही तो खेळलेली बरीच मुलं आता नोकरीला लागली आहेत.

खेळ असा आहे: आपलं एक गाव असतं. त्यात खाणी सोनं काढतात, दुसरी यंत्रं इलिक्सर नावाचा जांभळा द्रव गोळा करतात. दोन्ही साठवायला कोठारं असतात. दुसऱ्यांच्या गावांवर स्वारी करून लूटही आणता येते. मिळालेल्या मालातून इमारती सुधारायच्या. महाग चलन म्हणजे हिरवे जेम्स.

चलन येण्याच्या वाटेला डिझायनर 'सोर्स' म्हणतात आणि ते कायमचं संपण्याच्या वाटेला 'सिंक'. इथे पहिली फसगत लुटीबाबत होते. खेळणाऱ्याला लूट ही मिळकत वाटते, पण जे सोनं तुम्ही उचललं ते दुसऱ्या कुणाचं तरी गेलं. गेममधलं एकूण सोनं तेवढंच राहिलं. नवं सोनं तयार होतं ते खाणींतून, आणि विजयानंतर गेम स्वतःच्या पदरचा बोनस देतो त्यातून. लुटलेल्या गावाला नुकसानीचा काही भाग 'लूट कार्ट'मधून परत मिळतो, तोही हवेतूनच आलेला. म्हणून ताळेबंद मांडताना लूट वेगळ्या रकान्यात लिहावी लागते. ती सोर्समध्ये धरली तर पुढचे सगळे आकडे फुगतात.

लुटीचं एक काम मात्र फार हुशारीचं आहे. कोठारात माल पडून राहिला की तो कुणीतरी उचलून नेणार, या धास्तीने माणूस गेम बंद करण्याआधी तो खर्च करून टाकतो. म्हणजे लूट स्वतः काही जिरवत नाही, पण जिरवायला भाग पाडते.

सिंकमध्ये सगळ्यात मोठा इमारतींचा. पण इमारत सुधारायला सोन्याबरोबर एक बिल्डर लागतो, आणि तो त्या कामात कित्येक दिवस अडकतो. कोठार भरलेलं असलं तरी सगळे बिल्डर कामात असतील तर सोन्याला काही किंमत उरत नाही. हिशेब करून पाहू. समजायला सोपे जावेत म्हणून आकडे मनाचे घेतो.

एका गावाला खाणींतून रोज २ लाख सोनं मिळतं आणि बोनसचं १ लाख. खेळाडू रोज सहा स्वाऱ्या करतो, प्रत्येकीत सरासरी ५० हजार, म्हणजे ३ लाख. त्याच्या खिशात रोज एकूण ६ लाख येतात. पाच बिल्डर आहेत, प्रत्येक काम पाच दिवसांचं, म्हणजे सरासरी रोज एक काम सुरू होतं. कामाचा खर्च ५ लाख. रोज १ लाख उरतात. कोठाराची मर्यादा ६० लाख असेल तर दोन महिन्यांत ते काठोकाठ भरेल. त्यानंतर स्वारी करून मिळणार काय? काहीच नाही. खेळाडू गेम उघडतो, भरलेलं कोठार बघतो आणि बंद करतो.

इथे भिंती कामाला येतात. गावाभोवतीच्या भिंतीचा प्रत्येक तुकडा वेगळा सुधारावा लागतो. त्याला एक बिल्डर रिकामा असावा लागतो, पण काम क्षणात होतं आणि बिल्डर लगेच मोकळा. म्हणजे हा सिंक सोनं खातो, वेळ खात नाही. आपल्या हिशेबात एका तुकड्याला १ लाख धरले तर रोजचं उरलेलं सोनं एका तुकड्यात जिरतं. असे २५० तुकडे असतील तर पातळी एकने वाढवायला २५० दिवस. सगळ्या खेळातली सर्वांत कंटाळवाणी गोष्ट कोणती असं विचारलं तर बहुतेक खेळाडू भिंतींचंच नाव घेतील. पण हिशेब बघा, सगळा गाडा त्यांच्यावर चालला आहे.

आता गाव पुढच्या पातळीवर गेलं. आवक वाढून ७ लाख झाली, पण कामाचा खर्च ८ लाख. रोज १ लाखाची तूट. आठ दिवसांत सातच कामं सुरू होतील आणि बिल्डर मधूनमधून रिकामे बसतील. जेम्स देऊन कोठार भरण्याची सोय याच खिंडीत विकली जाते. तूट थोडी असेल तर ओढ लागते, फार झाली तर माणूस गेम काढून टाकतो.

आणि हे सगळं सरासरी खेळाडूचं. प्रत्यक्षात तो सापडत नाही. सुरुवातीच्या त्याच गावात रोज एकच स्वारी करणाऱ्याला साडेतीन लाख मिळतील, वीस करणाऱ्याला १३ लाख. सरासरी छान दिसते, पण एक उपाशी आणि दुसरा अजीर्णाने हैराण. म्हणून जाणकार डिझायनर एकूण चलन किती आहे हे बघत बसत नाही. तो खेळाडूंचे गट पाडतो आणि प्रत्येक गटात विचारतो: मधल्या खेळाडूच्या कोठारात पुढच्या किती कामांचं सोनं पडून आहे, आणि बिल्डर दिवसातला किती वेळ रिकामे असतात? पहिला आकडा आठवड्यागणिक चढत गेला तर सिंक कमी पडतोय. दुसरा चढत गेला तर सोर्स. क्लॅशमधला 'स्टार बोनस' दिवसातून एकदा, ठरावीक तारे मिळवल्यावर मिळतो. कमी खेळणाऱ्याला तो मोठा वाटतो, दिवसभर खेळणाऱ्याला किरकोळ. दरी कमी करायची ही साधी युक्ती.

इलिक्सरची गोष्ट याहून अवघड होती. त्याला खर्चाच्या वाटा कमी. प्रयोगशाळा एकच, तिच्यात एका वेळी एकच संशोधन, आणि सैन्याच्या इमारतीही मोजक्या. भिंतींना सुरुवातीला फक्त सोनं चालायचं. वरच्या पातळीच्या भिंतींना पुढे इलिक्सरही चालू लागलं, तेव्हा तो साठा वाहता झाला. दुसरी मोठी वाट सैन्य तयार करण्याची होती. जितक्या स्वाऱ्या, तितका खर्च. म्हणजे भरपूर खेळणाऱ्याची जास्तीची कमाई आपोआप कापली जायची. हिशेबाच्या दृष्टीने याहून चोख सिंक शोधून सापडणार नाही.

तरी जून २०२२ मध्ये सुपरसेलने सैन्याचा खर्च काढून टाकला. माझ्या मते बरोबर केलं. महागडं सैन्य घेऊन स्वारी केली की लुटीपेक्षा खर्च जास्त व्हायचा. मग लोक मजेचं सैन्य सोडून स्वस्त सैन्यच वापरत. जो सिंक खेळण्यावरच कर लावतो तो कितीही चोख असला तरी वाईट. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. जिरण्याची एक वाट बंद झाली, तेव्हा वाचलेलं इलिक्सर प्रयोगशाळा, सैन्याच्या इमारती आणि भिंती यांनाच पचवायचं आहे.

तुमच्या फोनवरच्या कुठल्याही गेमने 'सोनं कमी पडतंय, जेम्स घ्या' असं म्हटलं, तर आधी दोन आकडे काढा: रोज किती येतं आणि किती कमी पडतंय. भागाकार केलात की किती दिवस थांबायचं ते कळेल. बहुतेक वेळा उत्तर दोन-तीन दिवस निघतं, आणि तेवढं थांबणं फुकट आहे.